परचेस ऑर्डर आणि कोटेशन: दिवस नेमके कुठून मोजायचे?

हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशन युनिटचं उदाहरण घेऊ. बुटीबोरीच्या एका कंपनीची परचेस ऑर्डर, म्हणजे पीओ, हातात आली आहे: १२० लोखंडी पॅलेट, नग ४,५०० रुपये. त्यासाठी सुमारे ६ टन अँगल-चॅनल लागणार, आणि त्याची दोन कोटेशनं आली आहेत. एक नागपुरातल्याच स्टील व्यापाऱ्याचं, किलोला ५६ रुपये. दुसरं रायपूरच्या पुरवठादाराचं, किलोला ५३ रुपये. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, बाजारभाव रोज बदलतो.

बहुतेक जण इथे लगेच रायपूरकडे झुकतात. किलोमागे ३ रुपये, ६ टनांवर १८,००० रुपये सरळ वाचतात असं वाटतं. पण पीओ असो की कोटेशन, त्यातला कुठलाही आकडा एकटा वाचायचा नसतो. "१० दिवस" लिहिलं असेल तर कोणत्या दिवसापासून? "५३ रुपये" लिहिले असतील तर माल कुठे ठेवलेला असताना? "४५ दिवसांत पेमेंट" असेल तर बिलाच्या तारखेपासून, माल पोचल्यापासून, की त्यांच्या स्टोअरने पावती केल्यापासून? हा सुरुवातीचा बिंदू शोधला की अर्धं काम होतं. तिन्ही कागद याच नजरेने वाचू.

डिलिव्हरी: शेवटापासून मागे मोजा

पीओची तारीख ३ नोव्हेंबर. आत डिलिव्हरी शेड्यूल आहे: ४० नग २४ नोव्हेंबरपर्यंत, ४० नग ४ डिसेंबरपर्यंत, उरलेले ४० नग १४ डिसेंबरपर्यंत. आता पीओच्या मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचायच्या. तिथे साधारण असं वाक्य सापडतं की डिलिव्हरीची तारीख म्हणजे माल आमच्या स्टोअरला मिळाल्याची तारीख. म्हणजे २४ तारखेला संध्याकाळी हिंगण्यातून गाडी निघून चालणार नाही. बऱ्याच कंपन्यांची स्टोअर ठरावीक वेळेनंतर माल उतरवून घेत नाहीत, आणि गाडी गेटवर रात्रभर उभी राहिली तर पावती दुसऱ्या दिवसाचीच होते. कटिंग, वेल्डिंगला १० दिवस, प्रायमर-पेंट वाळायला २ दिवस, चढवणं-पोचवणं १ दिवस धरला, तर ४० नगांसाठी १३ दिवस लागतात. २४ मधून १३ वजा केले की कच्चा माल ११ नोव्हेंबरपर्यंत युनिटमध्ये पडलेला हवा.

ही ११ नोव्हेंबर तारीख पीओत कुठेच छापलेली नसते. ती स्वतः काढायची, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहायची, आणि मगच कोटेशनं उघडायची.

नागपूरच्या व्यापाऱ्याने लिहिलं आहे: डिलिव्हरी स्टॉकमधून, ऑर्डर पक्की झाल्यापासून ३ दिवस, माल हिंगण्याला पोच. ४ तारखेला ऑर्डर दिली तर ७ तारखेला माल येतो. इथे विचारायची एकच गोष्ट असते: हा स्टॉक आपल्यासाठी राखून ठेवला आहे का, की तोवर दुसऱ्याने उचलला तर संपला? "प्रायर सेल" असा शब्द कोटेशनवर असेल तर त्याचा अर्थ माल राखीव नाही.

रायपूरच्या कोटेशनवर आहे: डिस्पॅच १० ते १२ दिवस, अ‍ॅडव्हान्स मिळाल्यापासून. या एका ओळीत तीन गोष्टी आहेत. पहिली, मोजणी ऑर्डरपासून नाही, पैसे त्यांच्या खात्यात जमा झाल्यापासून. दुसरी, १० ते १२ मधले १२ धरायचे, १० नाही. तिसरी, हा डिस्पॅच आहे, डिलिव्हरी नाही. ५ तारखेला अ‍ॅडव्हान्स गेला तर १७ तारखेला गाडी भरणार. भंडारा-देवरीमार्गे अंतर तीनशे किलोमीटरच्या आतलं असलं, तरी पार्ट लोडचा माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात थांबत थांबत येतो, म्हणून दोन दिवस धरावे लागतात. माल १९ तारखेला हातात येईल आणि पहिला लॉट बुटीबोरीला २ डिसेंबरला पोचेल, म्हणजे ८ दिवस उशिरा.

हा उशीर किती रुपयांचा? पीओत दंडाचं कलम असतं, एलडी म्हणतात त्याला. समजा लिहिलं आहे: उशिराच्या प्रत्येक आठवड्याला किंवा त्याच्या भागाला अर्धा टक्का, कमाल ५ टक्के. "किंवा त्याच्या भागाला" हे शब्द महाग पडतात, कारण ८ दिवस म्हणजे दोन आठवडे मोजले जातात. दुसरा प्रश्न, टक्का कशावर? उशीर झालेल्या लॉटच्या किमतीवर असेल तर १,८०,००० वर १ टक्का, म्हणजे १,८०० रुपये. पूर्ण ऑर्डरच्या किमतीवर असेल तर ५,४०,००० वर १ टक्का, म्हणजे ५,४०० रुपये. तोच उशीर, दंड तिप्पट. पीओत हे स्पष्ट नसेल, तर काम सुरू करायच्या आधी "दंड फक्त उशीर झालेल्या मालाच्या किमतीवर" असं लिहून मागायचं. बहुतेक खरेदी विभाग हे मान्य करतात, पण आधी विचारलं तरच. माल पोचून दंड कापला गेल्यावर ही चर्चा होत नाही.

५३ आणि ५६ मधलं खरं अंतर

आता भाव. नागपूरचा ५६ रुपयांचा भाव हिंगणा पोच आहे, जीएसटी वेगळा. ६,००० किलोचे ३,३६,००० रुपये. यात पुढे काही वाढत नाही.

रायपूरचा ५३ रुपयांचा भाव एक्स-वर्क्स आहे, म्हणजे माल त्यांच्या दारात असतानाचा. त्याखाली लिहिलेलं असतं: लोडिंग टनाला ३०० रुपये, भाडं टू-पे. टू-पे म्हणजे गाडी आल्यावर भाडं आपण द्यायचं. हिशोब असा होतो: मालाचे ३,१८,०००, लोडिंगचे १,८००, आणि टनाला १,६०० रुपये धरलं तर भाड्याचे ९,६००. एकूण ३,२९,४००. अठरा हजारांची बचत इथेच ६,६०० वर आली.

जीएसटी मी मुद्दाम बाजूला ठेवला, कारण नियमित जीएसटी भरणाऱ्या युनिटला दोन्हीकडचा कर क्रेडिटमध्ये परत मिळतो. दोन कोटेशनांची तुलना नेहमी करापूर्वीच्या, पण पोच किमतीवर करायची. आणि कोटेशनवर "जीएसटी वेगळा" की "जीएसटीसह" हे लिहिलेलंच नसेल तर फोनवर विचारून भागत नाही, मेलवर लिहून घ्यायचं. १८ टक्के म्हणजे ५६ रुपयांवर १० रुपयांहून जास्त फरक.

टू-पे भाड्यात आणखी एक बारकावा आहे. बिल्टी देणारी ट्रान्सपोर्ट कंपनी स्वतः जीएसटी लावत नसेल, तर त्या भाड्यावर ५ टक्के कर रिव्हर्स चार्जने आपण रोखीने भरायचा असतो. ९,६०० वर तो ४८० रुपये होतो आणि पुढे क्रेडिट मिळतं. रक्कम छोटी आहे, पण बिल्टी अकाउंटंटकडे न पोचल्यामुळे हा कर भरायचा राहून जातो आणि नंतर व्याजासह निघतो. भाड्याची बिल्टी खरेदीच्या बिलालाच टाचून ठेवा.

वजनाचंही बघायचं. रायपूरच्या कोटेशनवर "आमच्या काट्याचं वजन अंतिम" असं असेल, तर गाडी उतरवण्याआधी जवळच्या धरमकाट्यावर भरलेली आणि रिकामी, दोन्ही वजनं घ्या. ६ टनांत एक टक्का फरक आला तरी ६० किलो, म्हणजे तीन हजारांच्या वर रक्कम होते. अंतिम कोणाचं वजन, आणि किती टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य, हे ऑर्डर देतानाच ठरवायचं.

पैसे कधी जातात

रायपूरची अट: ५० टक्के अ‍ॅडव्हान्स, उरलेले प्रोफॉर्मा बिलावर, म्हणजे खऱ्या बिलाआधीच्या कच्च्या बिलावर, डिस्पॅचआधी. नागपूरची अट: बिलाच्या तारखेपासून ३० दिवस.

रायपूरच्या बिलाची रक्कम करासह ३,७७,३६४ होते. त्यातले १,८८,६८२ रुपये ५ नोव्हेंबरला जातात आणि तितकेच १७ नोव्हेंबरला. नागपूरच्या व्यापाऱ्याला मात्र पैसे ७ डिसेंबरला द्यायचे आहेत. म्हणजे अर्धी रक्कम ३२ दिवस आणि अर्धी २० दिवस आधी गेली. बँकेच्या कॅश क्रेडिटचा दर १२ टक्के धरला तर त्याचं व्याज सुमारे ३,२०० रुपये. ६,६०० मधून ते गेलं की उरतात ३,४००. आणि वर पाहिलेला दंड पूर्ण ऑर्डरवर लागला तर ५,४००. रायपूरचा स्वस्त माल या ऑर्डरपुरता महाग ठरतो, आणि हे कोटेशनच्या भावाच्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

रायपूरकडूनच घ्यायचं असेल, तर एक गोष्ट मागून बघण्यासारखी आहे: अ‍ॅडव्हान्स फक्त मूळ किमतीवर, जीएसटी शेवटच्या हप्त्यासोबत. मालाच्या अ‍ॅडव्हान्सवर पुरवठादाराला जीएसटी भरावा लागत नाही, तो बिल काढताना लागतो. त्यामुळे करासह अ‍ॅडव्हान्स मागण्याला कराच्या बाजूने काही कारण नाही. पहिला हप्ता १,८८,६८२ ऐवजी १,५९,९०० होतो. हेही लक्षात ठेवायचं की प्रोफॉर्मा बिलावर क्रेडिट मिळत नाही. टॅक्स इन्व्हॉइस हातात, माल युनिटमध्ये, आणि ते बिल जीएसटीआर-२बीत, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या क्रेडिटच्या महिन्याच्या यादीत दिसणं, हे सगळं जुळलं की क्रेडिट.

कर: आधी पहिले दोन अंक वाचा

जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्र २७, छत्तीसगड २२, तेलंगणा ३६. व्यवहार राज्यातल्या राज्यात, म्हणून नागपूरच्या व्यापाऱ्याच्या बिलावर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ टक्के येणार, दुसऱ्या राज्यातल्या रायपूरच्या बिलावर आयजीएसटी १८ टक्के. एकूण तेवढाच.

गडबड होते ती पीओकडून. समजा बुटीबोरीच्या त्या कंपनीचं मुख्य कार्यालय हैदराबादला आहे. पीओवर दोन पत्ते आहेत: "बिल टू" मध्ये हैदराबाद, ३६ ने सुरू होणारा क्रमांक, "शिप टू" मध्ये बुटीबोरी. कराच्या रकान्यात मात्र सीजीएसटी आणि एसजीएसटी छापलं आहे, कारण पीओ बनवणाऱ्याने माल नागपुरातून नागपुरात जातोय एवढंच पाहिलं. कायद्यात अशा व्यवहाराचं पुरवठ्याचं ठिकाण ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्या मुख्य जागेवरून ठरतं. म्हणजे माल हिंगण्याहून बुटीबोरीला गेला तरी बिलावर आयजीएसटी लागतो.

पीओत छापलं तसंच बिल काढलं तर हैदराबादच्या कार्यालयाला त्या एसजीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही. बिल परत येतं, आणि ते परत आलंय हे आपल्याला पेमेंट न आल्यावर महिन्याभराने कळतं. चुकीच्या रकान्यात कर भरून झाला असेल तर बरोबर रकान्यात तो पुन्हा भरायचा आणि आधीचा परतावा मागायचा. व्याज लागत नाही, पण पैसे अडकून पडतात. म्हणून पहिलं बिल काढण्याआधी दोन्ही पत्त्यांचे क्रमांक बघायचे आणि विसंगती असेल तर सुधारित पीओ मागायची. तोंडी "आयजीएसटी लावा हो" हे पुरत नाही, कारण त्यांचं बिल तपासणारा माणूस पीओ उघडून बसलेला असतो.

क्रेडिटच्या वेळेचाही इथे संबंध येतो. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या युनिटला २४ नोव्हेंबरच्या लॉटवरचा ३२,४०० रुपये कर २० डिसेंबरपर्यंत भरायचा आहे, कंपनीचे पैसे आलेले असोत वा नसोत. नागपूरच्या व्यापाऱ्याच्या बिलातलं ६०,४८० रुपयांचं क्रेडिट १४ डिसेंबरच्या २बीत दिसलं तर खिशातून काही द्यावं लागत नाही. पण तो व्यापारी तीन महिन्यांनी रिटर्न भरणारा असेल आणि मधल्या महिन्यातली बिलं अपलोड करत नसेल, तर तेच क्रेडिट १४ जानेवारीला दिसेल. gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये त्याचा क्रमांक टाकला की तो रिटर्न मासिक भरतो की तिमाही, आणि वेळेवर भरतो का, हे दिसतं. कोटेशन आल्या आल्या हे बघून घ्यावं.

कंपनीचे ४५ दिवस

पीओवर लिहिलं आहे: पेमेंट ४५ दिवस, जीआरएनपासून. जीआरएन म्हणजे माल तपासून स्टोअरने केलेली पावती. माल २४ नोव्हेंबरला गेटवर पोचला, तपासणी होऊन जीआरएन २७ ला झालं. तिथून ४५ दिवस म्हणजे ११ जानेवारी. मग अटींमध्ये आणखी एक ओळ सापडते: पेमेंट महिन्याच्या १० आणि २५ तारखेलाच. १० तारीख एका दिवसाने हुकली, म्हणून पैसे २५ जानेवारीला. माल दिल्यापासून प्रत्यक्षात ६२ दिवस झाले.

इथे जीआरएन एक दिवस आधी, २६ ला झालं असतं, तर पैसे १० जानेवारीला आले असते. म्हणून मालासोबत जाणाऱ्या कागदांची यादी पीओतून काढून पूर्ण पाठवणं हा पैशाचाच प्रश्न आहे. जीआरएन अडतं ते बहुतेक वेळा मालातल्या दोषामुळे नाही, तर चलनावर पीओ नंबर नाही, आयटम कोड जुळत नाही, किंवा मागितलेलं मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट सोबत नाही म्हणून. हे सर्टिफिकेट पीओत मागितलं असेल तर ते स्टीलच्या कोटेशनमध्येही मागायचं. माल उचलल्यावर व्यापारी ते देईलच असं नसतं.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावं. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादक युनिटला, २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत. लेखी करारात त्याहून जास्त मुदत लिहिली तरी ती चालत नाही, आणि मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. त्या हिशोबाने आपली मुदत २४ नोव्हेंबरपासून, म्हणजे ८ जानेवारीला संपते. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. फक्त व्यापार करणाऱ्यांना हे संरक्षण नाही, त्यामुळे नागपूरच्या आपल्या स्टील व्यापाऱ्याला ते लागू होत नाही.

थकलेल्या पैशांसाठी प्रत्येक ग्राहकावर सरकारी पोर्टलवर तक्रार टाका असं माझं म्हणणं नाही, पुढची ऑर्डरही हवी असते. पण बिलावर आणि पीओच्या स्वीकृतीवर उद्यम क्रमांक छापायला काही लागत नाही. मुदत उलटलेली अशी रक्कम ३१ मार्चला बाकी राहिली तर कंपनीला ती त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, आणि हे त्यांच्या अकाउंटंटला पक्कं ठाऊक असतं.

उत्तर त्याच दिवशी

पुष्कळ पीओंवर अट असते की ठरावीक दिवसांत काही कळवलं नाही तर सगळ्या अटी मान्य धरल्या जातील. आपल्या कोटेशनमध्ये वेगळं लिहिलं होतं, हे मग उपयोगाचं राहत नाही. नंतर आलेला आणि मान्य झालेला कागद चालतो. म्हणून पीओ मिळाल्याच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी मेल जायला हवा. या उदाहरणात तो एवढाच पुरेल:

"आपली ३ नोव्हेंबरची पीओ मिळाली. पुढील बदलांसह स्वीकारत आहोत. १) विलंब दंड फक्त उशीर झालेल्या लॉटच्या किमतीवर मोजावा. २) बिल टू हैदराबाद असल्याने आयजीएसटी १८ टक्के लागेल, पीओ सुधारून द्यावी. ३) पेमेंटचे ४५ दिवस माल पोचल्याच्या तारखेपासून धरावेत. आमचा उद्यम क्रमांक खाली दिला आहे. सुधारित पीओ ६ नोव्हेंबरपर्यंत मिळावी."

तिन्ही मुद्दे मान्य होतीलच असं नाही. तिसरा बहुधा होत नाही, कारण त्यांची सिस्टिम जीआरएनवर बांधलेली असते. मग ६२ दिवस धरूनच रोखीचा हिशोब करायचा आणि स्टीलच्या व्यापाऱ्याकडे ३० ऐवजी ४५ दिवसांची उधारी मागायची, किलोला थोडे पैसे वाढवून का होईना.

या ऑर्डरसाठी माल नागपुरातून घेणं बरोबर ठरतं. रायपूरचं कोटेशन मात्र फेकू नका. हेच पॅलेट पुन्हा मागवले गेले, माल आणायला हातात ८ ऐवजी २५ दिवस असले आणि पूर्ण गाडीचा माल एकदम उचलता आला, तर टनामागचं भाडं उतरतं, दंडाची भीती जाते आणि तिथला भाव परवडतो. तेव्हा नवीन कोटेशन मागवायचं, कारण स्टीलच्या कोटेशनची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते आणि जुन्या कागदावरचा भाव कोणी देत नाही.